लक्ष्मण उठेपर्यंत

सोजरबाई, तुमचं तेरावं परवा झालं. जेवायला बसलेल्या बायका तुम्ही किती देवभोळ्या होतात ते सांगत होत्या. तुम्ही देवभोळ्या नव्हतात. तुम्ही हट्टी होतात, आणि देवाला हट्टाच्या कामी लावायच्या. हे तुमच्या तोंडावर बोलायची माझी सवय, म्हणून आताही तसंच बोलते. मेलात म्हणून गोड बोलणार नाही.

आपण विहिणी. माझी मंदा तुमच्या उत्तमला दिली. रामाची मालिका टीव्हीवर दर रविवारी सकाळी साडेनवाला लागायची तेव्हाची गोष्ट, आणि आपलं भांडण त्या मालिकेच्याच वयाचं आहे. तुमच्या माणसांना ते भांडण पाठ आहे, पण अर्धंच. माझ्याकडचं अर्धं मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही.

लग्न आमच्या दारी, लिंबागणेशच्या अलीकडच्या आमच्या वाडीवर. मुहूर्त रविवारी सकाळी दहा चाळीसचा. रविवार धरला तेव्हाच माझा दीर म्हणाला होता, "वयनी, रविवारी सकाळी मांडवात कुत्रं बी थांबायचं न्हाई." मी म्हटलं, पंचांगात टीव्हीचं घर नसतं. पंचांगात नव्हतं, गावात होतं. एकच, सरपंचाच्या ओसरीवर. नऊ वाजले तसे लग्नाला आलेले आमचेच पाहुणे एकेक करून लघवीला जातो म्हणून उठले आणि सरळ सरपंचाच्या ओसरीवर जाऊन बसले. वाजंत्रीवाले गेले. आचारी भात चुलीवर ठेवून गेला. एक पोरगं सरपंचाच्या माळवदावर चढून अँटेना फिरवत होतं आणि खालून सगळे ओरडत होते, "आलं, आलं! गेलं! थांब बे, तसंच धर!" ते ओरडणं मला मांडवात ऐकू येत होतं. मांडवात मी, माझे मालक, भटजी, आणि आतल्या खोलीत हळदीची नवरी.

आणि तुमचं वऱ्हाड नव्हतं.

तुम्ही उमापूरहून पहाटे निघणार, आठला आमच्याकडे पोचणार, असा निरोप होता. आठ वाजले, साडेआठ वाजले, नऊ वाजले. पावणेदहाला बीडहून आलेल्या एसटीतून एकजण उतरला. त्याला विचारलं, वाटेत वऱ्हाडाचा ट्रक दिसला का? तो म्हणाला, "न्हाई बा. रस्ता मोकळाच हाय." हे ऐकलं आणि मी धरून चालले, तुम्ही येत नाही. कारण साखरपुड्याला तुम्ही माझं मानाचं लुगडं परत केलं होतं. मळकं आहे म्हणालात. नव्हतं मळकं. तेव्हापासून माझ्या मनात होतं की ही बाई लग्न मोडायला निमित्त शोधते आहे.

साडेनऊपासूनच सरपंचाच्या ओसरीवरून साबणाच्या नि पावडरीच्या जाहिरातींची गाणी ऐकू येत होती. आधी जाहिराती लई वेळ चालायच्या, मग शंख, मग मालिका. मागच्या रविवारी लक्ष्मणाला शक्ती लागून तो पडला होता आणि भाग संपला होता. आठ दिवस सगळं गाव त्याच विचारात. पुढं काय होणार ते लहान पोरालाही ठाऊक, तरी सगळ्यांना बघायचं होतं की तो उठतो कसा.

माझी नणंद मांडवात आली. तिचा मुलगा बबन. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो, आणि मंदासाठी तिनं तीन वेळा शब्द टाकला होता. बबन आठवीत दोनदा नापास, मेंढरं सांभाळायचा. मी तीनही वेळा नाही म्हटलं होतं. आता ती माझ्याशेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, "वयनी, अंगाला हळद लागलेली पोरगी तशीच ठिवनार का? माजं लेकरू इथंच हाय. टाका अक्षता."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. कधी नव्हे ते. घरातली सगळी कामं त्यांनी मला न विचारता केली, आणि हे एकच माझ्यावर टाकलं. भटजी घड्याळ बघत होते. त्यांना दुपारी दुसरं लग्न होतं.

सोजरबाई, मी हो म्हटलं.

मंदा आतल्या खोलीत बसली होती. तिला विचारलंसुद्धा नाही. दारात उभी राहून सांगितलं, "उमापूरचे आले न्हाईत. बबनशी लागतंय." तिनं मान वर केली नाही. नुसतं विचारलं, "कावून आले न्हाईत?" मला काय माहीत. मी म्हटलं, "आता ते इचारून काय करायचं?"

बबनला आणायला माणूस पाठवला. तो परत आला एकटाच. "मधी बसलाय. माणसावर माणूस हाय. संपल्यावर येतो म्हनला." माझी नणंद चिडली, तिनं दुसरा पाठवला. तो परतच आला नाही, तिथंच बसला. मग नणंद स्वतः गेली आणि ओसरीच्या कडेला उभी राहून ओरडली, "बबन्या, तुजं लगीन हाय!" आतून कुणीतरी म्हणालं, "आत्या, गप बसा, हनमंत निगालाय!"

नवरामुलगा रामायणापुढून उठेना, आणि मी मांडवाच्या खांबाला धरून उभी. हसण्यासारखं होतं हे मला फार वर्षांनी कळलं.

सव्वादहाला मालिका संपली. सगळे परत आले, तोंडं पडलेली. आचारी म्हणाला, "न्हाई उठला. हनमंत अजून डोंगरावरच हाय. आता पुढच्या रविवारी." बबनला धरून अंगावर दोन तांबे ओतले, हळद फासली, मुंडावळ्या बांधायला घेतल्या. एका बाजूची गाठ बसली होती. दुसरी बसायची होती, तेवढ्यात फाट्याकडून हॉर्न वाजला.

तुम्ही ट्रकच्या पुढच्या सीटवर बसला होतात. उतरलात आणि मला म्हणालात, "पंचर झालतं, इहीनबाई." एवढंच. माफी नाही, काही नाही. बबनच्या कपाळावरची मुंडावळी नणंदेनं हिसकून काढली आणि ती एकटीच परसातून निघून गेली. त्यानंतर ती माझ्या दारात आली नाही. बबन कुंकवाच्या धन्यासारखा दहा मिनिटं उभा राहिला आणि मग मेंढरांकडं गेला. तुम्ही त्याच्याकडं एकदा पाहिलं होतं. ओला, हळद लागलेला पोरगा. मी तुमची नजर पकडली, आणि मला वाटलं, संपलं. पण तुम्ही काही विचारलं नाही. अक्षता पडल्या, दहा चाळीसला नाही तर दहा पन्नासला. भटजी म्हणाले, चालतं.

पुढचं ते अर्धं, जे जगाला ठाऊक आहे. मंदाबरोबर पाठराखीण म्हणून माझी धाकटी बहीण गेली होती. ती चौथ्या दिवशी परत आली आणि रडत म्हणाली, "आक्का, पोरीला उंबरा वलांडू दिला न्हाई. माप ठिवलंच न्हाई. तिच्या चुलत सासऱ्याच्या घरी बसवून ठिवलीय." मी विचारलं, कारण? तर म्हणे सासू म्हणते, अजून वेळ न्हाई. पुढच्या रविवारी दुपारी घेतलं तुम्ही तिला घरात. आठ दिवस नवी नवरी दुसऱ्याच्या ओसरीवर. लोक म्हणाले, पोरीत खोट असणार. लोक म्हणाले, देण्याघेण्यात काहीतरी राहिलं असणार. मी दोन वर्षं तुमच्या गावात पाऊल टाकलं नाही. मंदाच्या पहिल्या बाळंतपणाला तुम्ही आमच्याकडं आलात तेव्हा मी तुम्हाला बसायला पाट दिला नाही. तुम्ही जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "पाटावर बसायला मी काय नवरी हाय का?"

तिथून आपण बोलायला लागलो, म्हणजे भांडायला.

तुम्हाला अक्षरओळख नव्हती, मी चौथी. पण त्या मालिकांची माहिती तुम्हाला माझ्या दसपट. उत्तम पेपर वाचून दाखवायचा आणि तुम्ही ते डोक्यात भरून ठेवायच्या. रामाचं काम करणाऱ्याला पहिल्या चाचणीत नको म्हणून परत पाठवलं होतं, मग तो हसला आणि तेवढ्यावर त्याला घेतलं. रावण आलता नावाड्याच्या कामासाठी, चालत निघाला तर ती चाल बघून म्हणाले, हाच रावण. हनुमान खरा पैलवान होता, आणि तोंडाला रंग लावून झाला की तासन्‌तास त्याला धड जेवता यायचं नाही. मालिका बावन्न आठवड्यांची ठरली होती, लोकांनी वाढवायला लावली. आणि संपली तेव्हा लव-कुशाचं का दाखवत नाही म्हणून कुठल्याशा शहरात झाडूवाल्यांनी काम बंद केलं, मग पुढची मालिका काढावी लागली. हे सगळं तुम्ही असं सांगायच्या जशा काय तिथं कपडे धुवायला होतात.

मी म्हणायचे, "पगारी मानसं हाईत ती. रामाचं काम करनारा सिगारेट वढत व्हता म्हनं."

"सोडली त्यानं. एका मानसानं त्याला टोकलं, राम असून धूर काढतो का म्हनून. त्या दिवशी सोडली. तुमच्या मालकानं सोडली का तमाखू?"

मी चहाची कपबशी उचलून आत गेले.

मग कौरव-पांडवांची मालिका आली, तीही रविवारी सकाळीच. भीमाचं काम करणारा थाळी फेकायचा, देशाकडून खेळलेला. कृष्णाचं काम ज्याला मिळालं त्याला आधी विदुराच्या कामाला बोलावलं होतं, तो आला तर विदुर दुसराच रंगून बसलेला. द्रौपदीच्या वस्त्रहरणाला एकच लांबच लांब लुगडं बनवून घेतलं होतं, जोडलेलं नव्हे, हे तर तुम्ही मला चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी मी म्हटलं, "तेवढं लांब चाललं तुमाला. माजं नऊ वारी परत केलं." तुम्ही म्हणालात, "ते मळकं व्हतं." "मळकं न्हवतं." "मळकं व्हतं." मंदा आतून म्हणाली, "चहा ठिवू का लुगडं आनू?"

आठ दिवसांचा विषय मात्र निघाला की तुम्ही ओठ मिटायच्या. जगातल्या सगळ्या नटांची माहिती द्यायच्या, पण माझ्या पोरीला उंबऱ्याबाहेर का ठेवली ते नाही. आणि मी रागानं विचारायचे तेव्हा मला आतून भीती असायची की तुम्ही म्हणाल, आधी तो हळदीचा पोरगा कोण होता ते सांगा. मी विचारायचे आणि उत्तर येऊ नये म्हणून लगेच उठून जायचे. बत्तीस वर्षं अशी.

मग लॉकडाऊन. मंदाच्या नातवाच्या बारशाला मी उमापूरला आले आणि एसटी बंद झाल्या. लेकीच्या घरी पाणी पिऊ नये म्हणणारी मी, लेकीच्या सासूच्या खोलीत अडकले. एक पंखा, दोन खाटा, एक टीव्ही. आणि टीव्हीवर कोण? तीच रामाची मालिका, पुन्हा. आता रविवारची गरज नाही. रोज सकाळी नऊला आणि रोज रात्री नऊला. दुपारी बाराला नि संध्याकाळी सातला कौरव-पांडव दुसऱ्या चॅनेलवर. उत्तम मोबाइलवर वाचून म्हणाला, नवी कुठली मालिका एवढी कुणी बघत नाही, सगळा देश बघतोय. तुम्ही म्हणालात, "तवा बी बघत व्हता. तवा मोजाया कुनाला यळ व्हता?" अंघोळ केल्याशिवाय तुम्ही टीव्ही लावू द्यायच्या नाहीत. चप्पल खोलीच्या बाहेर. मी मुद्दाम खाटेवर पाय लांब करून बसायचे.

ज्या रात्री लक्ष्मण पडला त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. मला वाटलं, पित्त. सकाळी नऊला पुन्हा बसलो. हनुमान गेला, डोंगर आणला, मुळी हुंगवली, लक्ष्मण उठून बसला. मी तो भाग कधी बघितलाच नव्हता. तो पहिल्यांदा लागला तेव्हा मी मांडवात उभी होते, आणि त्याच्या पुढच्या रविवारी टीव्ही बघण्याच्या स्थितीत नव्हते.

तुम्ही पदरानं डोळे पुसले आणि टीव्हीकडं बघतच म्हणालात, "रातीला पडला नि सकाळी उठला. तवा लगीन झाल्यावर बी आठ दिवस लागलते."

मी विचारलं, "काय म्हनलात?"

तुम्हाला कळलं की तोंडातून गेलं. मग तुम्ही सांगितलं, पंक्चर खरंच झालं होतं. पण ते गेवराईजवळ, आणि दीड तासात निघालं होतं. मांजरसुंब्याच्या फाट्यावर पोचलात तेव्हा साडेनवाला पाच कमी. हॉटेलात टीव्ही. ड्रायव्हर म्हणाला, मी काही गाडी हलवत नाही. त्याला दामटून पुढं नेता आलं असतं, पण तुम्हीच म्हणालात, थांब. ट्रक हॉटेलच्या मागं सावलीला लावला, म्हणून एसटीतल्या माणसाला दिसला नाही. तुमचा हिशोब असा, की लक्ष्मण उठलेला बघायचा आणि मग लग्नाला जायचं. देव निपचित पडलेला असताना अक्षता टाकायच्या कशा? पण तो उठलाच नाही. भाग संपला. मुहूर्त तर टळू देता येईना. म्हणून लग्न लावलं, पण पुढचं, लक्ष्मीला घरात घेण्याचं, तुम्ही रोखून धरलं. "राम भावाचं डोकं मांडीवर घिऊन रडतोय, नि मी दारात माप ठिवून सून घिऊ? माज्यानं झालं न्हाई. रविवारी तो उटला, नि मी पळत जाऊन पोरीला आनली. नारळ फोडला. तुमाला काय सांगनार व्हते? तुमी हसला असता."

मी हसले नाही. मी ओरडले. ह्यासाठी? टीव्हीवाल्यांनी भाग कुठं तोडला त्यासाठी? माझ्या पोरीला लोकांनी काय काय म्हटलं ते ऐकलं का तुम्ही? दुकानदारीसाठी तोडतात ते, पुढच्या आठवड्याला माणूस परत यावा म्हणून! एका बैठकीत दाखवलं असतं तर माझी पोर सरळ घरात गेली असती! तुम्हीही ओरडलात. मंदा दारात येऊन उभी राहिली, कुणाची बाजू घ्यावी ते तिला कळेना. मग तीन दिवस आपण बोललो नाही. एका खोलीत, एका पंख्याखाली, नऊ वाजता टीव्ही लावून.

तिसऱ्या दिवशी रावण पडला. तुम्ही म्हणालात, "चुकलंच माजं. पोरीला तरास झाला. देवाला म्हनून केलं, पन तिला इचारलं न्हाई."

हा शब्द मी बत्तीस वर्षं मागत होते. तो मिळाला आणि मला घेता येईना. कारण न विचारता करणारी मीच पहिली होते. तुम्ही माझी पोर आठ दिवस दाराबाहेर ठेवली. मी तर तिला दुसऱ्याच्याच दारी पाठवत होते, दोन तासांच्या उशिरापायी. सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. "सोजरबाई, त्या दिवशी..." म्हटलं, आणि तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या. रावनाचं बघा, कसला पडला." मी रावणाचं बघितलं. मग एसटी सुरू झाल्या आणि मी घरी आले. पुढंही आपण भेटलो, भांडलो. लुगड्यावरून, नटांवरून. ते मात्र राहिलं.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला पहिलं दुःख ह्याचं झालं. तुमचं नंतर. खोटं बोलत नाही.

तेराव्याच्या संध्याकाळी भांडी आवरताना मी मंदाला म्हटलं, "तुज्या सासूला एक सांगायचं ऱ्हायलं. बबनचं."

मंदा पातेलं घासत होती. घासतच म्हणाली, "त्यांला ठावं व्हतं."

"कुनी सांगितलं?"

"मी. चुलत सासऱ्याच्या वसरीवर बसवलं व्हतं तवा. तिसऱ्या दिवशी त्या माजी येनी घालाया आल्या. मला राग आलता. मी म्हनलं, माज्या आयनं मला दुसऱ्याला द्यायला काडलं, तुमी मला घरात घिईना, मी हाय तरी कुनाची? नि सगळं सांगितलं."

मी विचारलं, काय म्हणाल्या?

"येनी घातली. मग म्हनल्या, तुज्या आयच्या जागी मी असते तर मी बी हेच केलं असतं. नि म्हनल्या, मला कळलंय हे तिला कदी कळू दिऊ नको. लाजंनं मान खाली घालंल, नि माज्याशी भांडायची बंद व्हईल. मग तुज्या बाजूनं भांडायला कोन ऱ्हाईल?"

सोजरबाई, बरोबर ओळखलंत. झालंच असतं तसं. पाटसुद्धा दिला असता तुम्हाला. आणि मंदाला तुमच्या घरात काही सोसावं लागलं असतं तर मी तोंड घेऊन आलेच नसते.

बत्तीस वर्षांहून जास्त मी तुम्हाला वाटेल ते बोलले, आणि हे तुमच्या हातात होतं. एकदाही काढलं नाहीत. मी असते तर पहिल्याच दिवाळीला काढलं असतं.

तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या निघालात. हे इथं म्हणते आहे, एकदाच. वर भेट झाली तर पुन्हा म्हणणार नाही. आणि लुगडं मळकं नव्हतं.